अर्ध्यावर तुटलेले स्क्रीन रेकॉर्डिंग परत कसे मिळवावे

माझी बहीण दहावीच्या मुलांसाठी भूमितीचे पाठ रेकॉर्ड करते. संगणकाच्या पडद्यावर आकृती काढत, बोलत बोलत एक प्रमेय पूर्ण करायचे आणि ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने ते सगळे टिपून ठेवायचे, अशी तिची पद्धत आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी बावन्नाव्या मिनिटाला वीज गेली. संगणकाला यूपीएस नव्हता. वीज परत आल्यावर फोल्डरमध्ये फाइल होती, तिचा आकार सुमारे सव्वादोन जीबी दिसत होता, पण एकाही प्लेअरमध्ये ती उघडेना. तिने मला फोन करून विचारलेला प्रश्न अगदी नेमका होता: "दादा, एवढी मोठी फाइल आहे म्हणजे आत काहीतरी आहेच ना? मग ती उघडत का नाही?"

आत खरोखरच जवळजवळ सगळे होते. हरवले होते ते अवघ्या काही एमबीचे हिशेबाचे पान. हे पान कोणते, ते शेवटीच का लिहिले जाते आणि ते हरवले तरी चालेल अशी फाइल आधीपासून कशी निवडावी, हे समजून घेतले तर असे नुकसान बहुतेक वेळा टाळता येते.

व्हिडिओ फाइलचे दोन भाग वेगवेगळे ओळखले पाहिजेत. एक म्हणजे दाबून लहान केलेले चित्र आणि आवाज. हे काम एच.२६४ किंवा एएसी यांसारखे कोडेक करतात. दुसरा म्हणजे ते चित्र आणि आवाज ज्या डब्यात रचून ठेवले जातात तो कंटेनर. फाइलच्या नावाच्या शेवटी दिसणारे .mp4 किंवा .mkv हे या डब्याचे नाव आहे, आतल्या मालाचे नाही. तोच एच.२६४ चा माल दोन्ही डब्यांत तितक्याच चांगल्या स्थितीत राहतो. फरक आहे तो हिशेब ठेवण्याच्या रीतीत, आणि अपघाताच्या वेळी नेमका तोच महत्त्वाचा ठरतो.

नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये ढोबळमानाने तीन पेट्या असतात. सुरुवातीला `ftyp` नावाची छोटी पेटी फाइलचा प्रकार सांगते. नंतर `mdat` या प्रचंड पेटीत चित्रांचे आणि आवाजाचे तुकडे एकामागोमाग एक भरलेले असतात. आणि `moov` या पेटीत सगळा हिशेब असतो: कोणता तुकडा किती बाइटचा, तो फाइलमध्ये कुठून सुरू होतो, तो किती वेळ पडद्यावर राहायचा, आणि मुख्य म्हणजे हे चित्र उलगडायचे कसे, याची प्राथमिक माहिती. `mdat` मधल्या तुकड्यांवर स्वतःची वेळ लिहिलेली नसते आणि एक तुकडा संपून दुसरा कुठे सुरू झाला याची बाहेरून दिसेल अशी खूणही नसते. गोदामात माल रचत जायचा, पण कोणत्याही पोत्यावर चिठ्ठी लावायची नाही आणि सगळी नोंद एकाच खतावणीत करायची, असा हा कारभार आहे.

ही खतावणी शेवटी लिहिली जाते, कारण ती आधी लिहिता येतच नाही. रेकॉर्डिंग चालू असताना पुढे किती तुकडे येणार आणि प्रत्येक तुकडा किती मोठा असणार हे कुणालाच ठाऊक नसते. म्हणून सॉफ्टवेअर हा हिशेब संगणकाच्या मेमरीत जमवत राहते आणि रेकॉर्डिंग थांबवण्याचे बटण दाबल्यावर `moov` पेटी फाइलच्या अखेरीस लिहून टाकते. बहिणीच्या पाठाचेच उदाहरण घेऊ. ५२ मिनिटे म्हणजे ३,१२० सेकंद. दर सेकंदाला ३० याप्रमाणे चित्रे झाली ९३,६००. आवाज ४८ किलोहर्ट्झचा एएसी होता आणि त्याचा एक तुकडा १,०२४ नमुन्यांचा असतो, म्हणून आवाजाचे तुकडे झाले १,४६,२५०. दोन्ही मिळून २,३९,८५० तुकडे. प्रत्येकाचा आकार नोंदवायला चार बाइट धरले, तर नुसत्या आकारांची यादी साडेनऊ लाख बाइटच्या आसपास जाते, म्हणजे एक एमबीहून किंचित कमी. बाकीच्या नोंदी धरल्या तरी सगळा हिशेब काही एमबींतच मावतो. वीज गेली तेव्हा गोदाम भरलेले होते, पण खतावणी मेमरीत होती आणि मेमरी विजेबरोबर रिकामी झाली. अशी फाइल एफएफएमपेग या साधनाने उघडू पाहिली तर ते थोडक्यात आणि खरे तेच सांगते: `moov atom not found`. हा संदेश दिसला की निदान पक्के समजावे.

एमकेव्ही, म्हणजे मात्रोस्का, हा डबा वेगळ्या रीतीने चालतो. तो खतावणीपेक्षा रोजकीर्दीच्या जवळचा आहे. चित्र कसे उलगडायचे, आवाजाचे किती मार्ग आहेत, कोडेक कोणता, ही माहिती फाइलच्या सुरुवातीलाच लिहिली जाते. त्यानंतर माल क्लस्टर नावाच्या गठ्ठ्यांत बांधला जातो. प्रत्येक गठ्ठ्यावर त्याची वेळ लिहिलेली असते, आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक तुकड्यावर तो चित्राचा की आवाजाचा, किती मोठा आणि गठ्ठ्याच्या सुरुवातीपासून किती मिलिसेकंदांनी यायचा, हे नोंदलेले असते. त्यामुळे फाइल कुठेही तुटली तरी तुटलेल्या जागेच्या आधीचा प्रत्येक गठ्ठा स्वतःपुरता वाचता येतो. मात्रोस्कामध्येही शेवटी लिहिल्या जाणाऱ्या काही गोष्टी आहेत. पाठाची एकूण लांबी आणि पुढे-मागे उडी मारण्यासाठी लागणारी सूची या त्यांतल्या प्रमुख. मात्र त्या सोयीच्या आहेत. त्या नसल्या तर प्लेअर लांबी दाखवत नाही, मधल्या मिनिटावर जाताना अडखळतो, पण चित्र आणि आवाज सुरू होतात.

म्हणून ओबीएसमध्ये सेटिंग्ज उघडून Output या भागात Recording Format या ठिकाणी Matroska Video (.mkv) निवडावे, हा जुना सल्ला आजही योग्य आहे. बहिणीच्या संगणकावर मी पहिल्याच दिवशी हा बदल केला. रेकॉर्डिंगच्या दर्जात किंवा फाइलच्या आकारात डोळ्यांना दिसेल असा फरक त्याने पडत नाही.

आता या संरक्षणाची मर्यादाही नीट पाहू. अपघाताच्या क्षणापर्यंतचे सगळे वाचते असे नाही. लिहिला जात असलेला गठ्ठा आधी मेमरीत जमतो आणि पूर्ण झाल्यावर फाइलकडे जातो. तो साधारण पाच सेकंदांपर्यंतचा असू शकतो. शिवाय फाइलकडे गेलेली माहिती ऑपरेटिंग सिस्टिम लगेच डिस्कवर उतरवतेच असे नाही, काही काळ तीही स्वतःच्या मेमरीत धरून ठेवते. फक्त रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर बंद पडले असेल तर हे दुसरे नुकसान होत नाही, कारण ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि हाती आलेले ती लिहून टाकते. वीज गेली किंवा पूर्ण संगणक निळ्या पडद्यावर थांबला, तर मात्र दोन्ही जातात आणि आणखी काही सेकंद कमी होतात. विंडोजमध्ये अशा वेळी फाइलच्या शेपटीला शून्यांचा पट्टाही उरतो: आकार वाढल्याची नोंद झालेली असते, पण मजकूर उतरलेला नसतो.

सॉफ्टवेअर बंद पडणे आणि वीज जाणे यांत ओबीएसपुरता आणखी एक फरक आहे आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. विंडोजवर एमकेव्ही किंवा साधे एमपी४ लिहिण्याचे काम ओबीएस स्वतः करत नाही. त्यासाठी `obs-ffmpeg-mux.exe` नावाची वेगळी प्रक्रिया चालवली जाते आणि ओबीएस तिच्याकडे तुकडे पाठवत राहते. ओबीएस कोसळले की या प्रक्रियेकडे येणारा प्रवाह थांबतो. प्रवाह थांबला म्हणजे रेकॉर्डिंग संपले असे समजून ती आपले शेवटचे पान लिहून फाइल बंद करते. त्यामुळे ओबीएस कोसळूनही साधी एमपी४ फाइल धडधाकट निघाल्याचे अनुभव लोक सांगतात आणि त्यावरून एमपी४ सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढतात. तो निष्कर्ष वीज जाईपर्यंतच टिकतो, कारण विजेबरोबर दोन्ही प्रक्रिया एकदमच जातात.

तुटलेली एमकेव्ही हाती आली की पुढचे काम रीमक्स करण्याचे. रीमक्स म्हणजे चित्र आणि आवाज एका डब्यातून काढून, त्यांना धक्का न लावता, दुसऱ्या डब्यात नव्या हिशेबासह रचणे. यात चित्र पुन्हा दाबले जात नाही, म्हणून दर्जा कणभरही घटत नाही, आणि काम डिस्कच्या वेगानेच होते. दोन-अडीच जीबीच्या फाइलला चांगल्या एसएसडीवर काही सेकंद पुरतात. याउलट रूपांतर करणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये अर्धा तास पट्टी सरकत राहिली, तर ते रीमक्स नसून पुन्हा एन्कोड करणे आहे आणि त्यात पडद्यावरची बारीक अक्षरे सर्वांत आधी पुसट होतात. फाइलचे नाव .mkv वरून .mp4 असे बदलणे हेही रीमक्स नव्हे. त्याने डबा तोच राहतो आणि फक्त वरची चिठ्ठी खोटी होते.

सर्वांत आधी तुटलेल्या फाइलची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्यावी. ओबीएसमध्येच File या मेनूत Remux Recordings नावाची खिडकी आहे. तिच्यात फाइल ओढून टाकली आणि Remux दाबले की शेजारी एमपी४ तयार होते. Settings मधील Advanced या भागात Automatically remux to mp4 अशी खूणही करता येते आणि ती करून ठेवावी. फक्त हे आपोआप होणारे रीमक्स रेकॉर्डिंग नीट थांबवल्यावरच होते. वीज गेली त्या दिवशी ते झालेले नसते, म्हणून त्या दिवशीची फाइल हातानेच द्यावी लागते. दोन्ही फाइली मावतील एवढी जागा डिस्कवर हवी, हेही ध्यानात ठेवावे.

मला स्वतःला एफएफएमपेगची आज्ञा अधिक आवडते, कारण काय चुकले ते ती बोलून दाखवते.

```
ffmpeg -i path-12.mkv -map 0 -c copy -movflags +faststart path-12.mp4
```

यातले `-c copy` म्हणजे काहीही पुन्हा दाबू नको, आहे तसे उचल. `-map 0` म्हणजे फाइलमधले सगळे मार्ग घे. हे लिहिले नाही तर एफएफएमपेग चित्राचा एक आणि आवाजाचा एकच मार्ग उचलते. ज्यांनी माइकचा आवाज आणि संगणकाचा आवाज वेगवेगळ्या मार्गांवर रेकॉर्ड केला आहे त्यांचा दुसरा मार्ग मग नव्या फाइलमध्ये येत नाही आणि एखाद्याने घाईने मूळ फाइल पुसली असेल तर तो कायमचा जातो. `+faststart` मुळे खतावणी फाइलच्या शेवटी न राहता सुरुवातीला हलवली जाते, म्हणजे इंटरनेटवर चढवलेला व्हिडिओ पूर्ण उतरण्याआधीच सुरू होऊ शकतो.

बहिणीची दुसरी फाइल, म्हणजे एमकेव्हीवर आल्यानंतर दोन महिन्यांनी अशाच वीज जाण्याने तुटलेली फाइल, मी या आज्ञेला दिली. सुरुवातीलाच लांबीच्या जागी `Duration: N/A` असे आले. अखेरीस `File ended prematurely` हा इशारा आला. दोन्ही गोष्टी तुटलेल्या मात्रोस्काच्या स्वाभाविक खुणा आहेत आणि त्यांना घाबरण्याचे कारण नाही. शेपटीला शून्यांचा पट्टा असेल तर `invalid as first byte of an EBML number` अशा शब्दांचा इशाराही येतो. तो फक्त अगदी शेवटी आला तर काळजी नसते. तो मध्येच, वारंवार येत असेल तर मात्र डिस्कच बिघडत असल्याची शंका घ्यावी आणि आधी बाकीच्या फाइली सुरक्षित कराव्यात.

काम झाले की तपासणी करावी. नव्या फाइलची लांबी सेकंदांत अशी विचारता येते:

```
ffprobe -v error -show_entries format=duration -of csv=p=0 path-12.mp4
```

बहीण घड्याळाप्रमाणे सुमारे एकेचाळीस मिनिटे रेकॉर्ड करत होती. उत्तर आले त्यात आठ सेकंद कमी होते, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबात बसणारे नुकसान. नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नये. शेवटचे अर्धे मिनिट प्रत्यक्ष पाहावे, मधल्या दोन-तीन ठिकाणी उडी मारून ओठांचे किंवा माउसच्या क्लिकचे आवाज चित्राशी जुळतात का ते ऐकावे, आणि आवाजाचे मार्ग मूळ सेटिंगइतकेच आहेत का ते मोजावे. हे सगळे होईपर्यंत मूळ एमकेव्ही पुसू नये.

एमकेव्हीची एक अडचण अशी की काही संपादन-सॉफ्टवेअर ती घेतच नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी रीमक्सची पायरी येते. यावर तोडगा म्हणून एमपी४ मध्येच तुकडे-तुकडे लिहिण्याची पद्धत आली, जिला फ्रॅगमेंटेड एमपी४ म्हणतात. तिच्यात सुरुवातीला छोटी `moov` लिहिली जाते आणि नंतर प्रत्येक छोट्या `mdat` च्या आधी `moof` नावाचा त्या तुकड्यापुरता हिशेब येतो. रोजकीर्दीची शहाणपणाची रीत तिने उचलली, पण लांबलचक फाइलमध्ये असे शेकडो हिशेब विखुरलेले राहतात, त्यामुळे काही प्लेअर आणि संपादक ती सावकाश उघडतात किंवा नाकारतात. २०२४ मध्ये ओबीएसच्या ३०.२ या आवृत्तीत Hybrid MP4 आले आणि ही अडचण चांगल्या रीतीने सुटली. रेकॉर्डिंग चालू असताना ती फाइल तुकड्या-तुकड्यांनी लिहिली जाते. रेकॉर्डिंग नीट थांबवले की शेवटी पूर्ण खतावणी लिहिली जाते, आणि तुकड्यांमधले छोटे हिशेब जागच्या जागी राहून साध्या प्लेअरला ते सगळे एकच मोठे गोदाम वाटेल अशी सुरुवातीची नोंद बदलली जाते. माल हलवावा लागत नाही, म्हणून हे क्षणात होते. मध्येच वीज गेली तर हा शेवटचा टप्पा होत नाही आणि हातात फ्रॅगमेंटेड एमपी४ उरते. ती वरच्याच आज्ञेने, फक्त आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या फाइलचे नाव वेगळे ठेवून, साध्या एमपी४ मध्ये रीमक्स करावी.

या दोन्ही प्रकारांत नवा तुकडा साधारणपणे की-फ्रेमपाशी सुरू होतो, म्हणजे जिथे मागच्या चित्रांचा आधार न घेता संपूर्ण चित्र साठवले जाते तिथे. ओबीएसमध्ये Keyframe Interval ही सेटिंग शून्यावर, म्हणजे आपोआप, असेल तर एक्स२६४ एन्कोडर जास्तीत जास्त २५० चित्रांपर्यंत थांबू शकतो. ३० च्या वेगाला ती आठ सेकंदांहून थोडी जास्त होतात. ही सेटिंग दोन सेकंदांवर आणली की हरवणारी शेपटी त्या प्रमाणात आखूड होते आणि संपादन करतानाही सोपे जाते. फाइल थोडी मोठी होईल, पण हा सौदा मला परवडणारा वाटतो.

राहिली ती पहिली फाइल, जिची खतावणी गेलीच होती. तिच्यासाठी रीमक्सचा उपयोग नाही, कारण रीमक्स करण्यासाठी आधी फाइल वाचता यावी लागते. अशा वेळी `untrunc` नावाचे मोफत साधन वापरून पाहता येते. त्याला त्याच संगणकावर, त्याच सॉफ्टवेअरने, तंतोतंत त्याच सेटिंग्जवर केलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यावी लागते.

```
untrunc changali.mp4 tutleli.mp4
```

नमुना का लागतो, याचे उत्तर आता सहज लक्षात येईल. चित्र उलगडण्याची प्राथमिक माहिती हरवलेल्या `moov` मध्येच होती, आणि सेटिंग्ज सारख्या असतील तर ती चांगल्या फाइलमधून उसनी घेता येते. त्यानंतर हे साधन गोदामातला माल पहिल्यापासून चाचपत जाते. एच.२६४ च्या प्रत्येक घटकाच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते, म्हणून चित्राचे तुकडे बऱ्यापैकी ओळखता येतात. एमपी४ मधल्या एएसी आवाजाच्या तुकड्यांवर मात्र अशी खूण नसते, म्हणून तिथे अंदाज बांधावा लागतो आणि अंदाज चुकला की आवाज मागेपुढे होतो किंवा मध्येच करकरतो. नमुन्याची फाइल वेगळ्या रिझोल्यूशनची, वेगळ्या एन्कोडरची किंवा आवाजाच्या वेगळ्या संख्येच्या मार्गांची असेल, तर बहुधा काहीच हाती लागत नाही. बहिणीने मी सांगितल्यावर सेटिंग्जना हात न लावता दोन मिनिटांची नवी फाइल केली. तिच्या आधारे `_fixed` असे नाव लागलेली फाइल तयार झाली आणि पाठाचे चित्र जवळजवळ पूर्ण आले. आवाज एकोणचाळिसाव्या मिनिटानंतर घसरत गेला, तेवढे प्रमेय तिने पुन्हा शिकवले. फाइलचा आकारच शून्य दिसत असेल तर हा उपायही चालत नाही. तेव्हा त्या डिस्कवर नवे काहीही न लिहिता डेटा परत मिळवणाऱ्या साधनाकडे वळावे लागते.

निवडलेला डबा खरोखर तग धरतो का, हे महत्त्वाच्या रेकॉर्डिंगआधी एकदा करून पाहावे. दोन मिनिटे रेकॉर्ड करावे आणि चालू असतानाच टास्क मॅनेजरच्या Details या भागातून आधी `obs-ffmpeg-mux.exe` आणि लगेच `obs64.exe` बंद करावे. फक्त ओबीएस बंद केले तर मघाशी सांगितल्याप्रमाणे दुसरी प्रक्रिया फाइल नीट मिटवते आणि चाचणी फसवी ठरते. Hybrid MP4 निवडले असेल तर ती वेगळी प्रक्रिया यादीत दिसणारच नाही, कारण ते लिहिण्याचे काम ओबीएस स्वतः करते. अशा वेळी `obs64.exe` बंद करणे पुरेसे आहे. मग उरलेली फाइल उघडावी, रीमक्स करावी आणि लांबी मोजावी. दोन मिनिटांपैकी किती सेकंद गेले, तो आकडा आपल्या संगणकापुरता लिहून ठेवावा. वीज गेल्यास त्याहून काही सेकंद अधिक जातील, असे धरून चालावे.